नऊ टक्के

जागृतीला इंग्रजी येत नाही, असं मी चार वर्षं मनातल्या मनात म्हणत आले. उघड कधी म्हटलं नाही, कारण ती माझी मैत्रीण आहे. नवागामला आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत तिचं घर. तिचे वडील धम्मपालकाका रेल्वेत, माझे आबा उधन्याच्या लूम्सच्या खात्यात मास्टर. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातंच म्हणतात. दोघी एकाच रिक्षाने कॉलेजला जायचो, टेक्स्टाइल इंजिनीअरिंगच्या एकाच वर्गात, एकाच बाकावर. फरक इतकाच की मी इंग्रजी माध्यमातली आणि ती महानगरपालिकेच्या मराठी शाळेतली. हा फरक मी जपून ठेवला होता. माझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त असं दुसरं होतंच काय?

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जोडीने करायचा होता. रीडिंग दोघींनी मिळून घ्यायची, रिपोर्ट मात्र प्रत्येकीने आपला आपण लिहायचा. आणि या वर्षी रिपोर्टला जरा जास्तच वजन होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या देसाई मॅडम सुतं तपासायची लॅब चालवतात. त्या दरवर्षी शेवटच्या वर्षातून एकाला, फक्त एकाला, आपल्या लॅबमध्ये घेतात. मला ती जागा हवी होती. लूमच्या खडखडाटाने आबांना आता एका कानाने ऐकू येत नाही. घरात एक जण तरी अशा खोलीत बसून काम करेल जिथे बोललेलं ऐकू येतं, एवढंच माझं स्वप्न होतं. आणि खरं सांगायचं तर ती जागा जागृतीला मिळू नये, हेही तितकंच हवं होतं.

विषय साधा होता. डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप. पॉलिएस्टरचा पन्नास डेनिअरचा बारीक धागा आणि पंचाहत्तरचा जाड धागा, दोन्ही ताण्यात, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांत, लावायचे आणि लूमवर कोणता किती तुटतो ते मोजायचं. शिवाय कॉलेजच्या मशीनवर दोन्हींची मजबुती तपासायची. लूम आबांच्या खात्यातले. शेठची परवानगी आबांनी काढली, चार लूम आबांनी निवडले आणि सहा पाळ्या मोजणीही आबांनीच केली. त्यांची मोजायची पद्धत खडूची. ताण्याचा धागा तुटला की लूमच्या लोखंडी बाजूवर एक उभी रेघ, पाचवी आडवी. पाळी संपली की मी रेघा वहीत उतरवायचे आणि आबा ओल्या चिंधीने लूम पुसून टाकायचे. जागृती दोन पाळ्यांना येऊन उभी राहिली, बाकी चार पाळ्या मी एकटी. हे मी विसरले नव्हते.

फेब्रुवारीत मी पहिला मसुदा लिहिला. साधाच. घाईत होते, सजवायला वेळ नव्हता. पंचाहत्तरचा धागा तीनशे ग्रॅमच्या ओझ्याला तुटला, पन्नासचा सव्वादोनशेला. म्हणजे ब्रेकिंग लोड जाड धाग्याचा जास्त. पण जाडीने भागलं तर जाड धाग्याचे येतात डेनिअरमागे चार ग्रॅम आणि बारीक धाग्याचे साडेचार. याला टेनॅसिटी म्हणतात, आणि ती बारीक धाग्याची जास्त. लूमवर मात्र बारीकच जास्त तुटला, बारा तासांच्या पाळीत लूममागे आठदा, जाड पाचदा, कारण लूमला डेनिअरशी देणंघेणं नाही, तो आख्ख्या धाग्याला झटका देतो. आमचा सगळा प्रोजेक्ट एवढाच.

शेवटी आभाराचं पान होतं. आबांनी एकदा आपल्या अहिराणीत विचारलं होतं, “मनं नाव छापाई का त्यामा?” म्हणून मी लिहिलं होतं, माझे वडील सुकदेव बेडसे यांनी सहा पाळ्या लूमपाशी उभं राहून खडूने धागे मोजले.

जागृतीने मसुदा मागितला. “हर्षु, इंग्रजीत कसं मांडायचं ते मला कळेना गं. तुझं बघू दे ना एकदा.”

मी पाठवला. देताना किती बरं वाटलं म्हणून सांगू! मागणारी ती, देणारी मी.

मार्चमध्ये हितेश सरांनी, म्हणजे आमच्या गाइडनी, वर्गात एक प्रकरण वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाले, “एकदा वाचलं आणि कळलं. असं लिहा. हे जागृतीचं आहे.”

वर्गात टाळ्या वाजल्या. जागृतीने मान खाली घातली. मी पण टाळ्या वाजवल्या, आणि दुपारचा डबा उघडला नाही. काय होतं त्या लिहिण्यात? आखूड आखूड वाक्यं. टेनॅसिटी, टेनॅसिटी, टेनॅसिटी, एकाच पानावर सात वेळा! शाळेत आम्हाला शिकवलं होतं की तोच शब्द पुन्हा वापरू नये. हिला दुसरा शब्द सुचत नाही, आणि लोक त्यालाच स्वच्छ लिहिणं म्हणतात. घरी येऊन मी माझा मसुदा उघडला तर तोही मला तसाच दिसायला लागला. जागृतीसारखा. मला किळस आली.

त्यातच कॉलेजने नवा नियम काढला. रिपोर्ट आधी एका सॉफ्टवेअरमधून जाणार, आणि तो किती टक्के मशीनने लिहिला आहे ते सॉफ्टवेअर सांगणार. वीसच्या वर गेला तर परत. माझा आला चौसष्ट.

अंगाचा तिळपापड झाला. एकेक अक्षर मी स्वतः टाइप केलेलं. आबांच्या खात्यातल्या भुरकट उजेडात घेतलेली रीडिंग, आणि म्हणे मशीनने लिहिलं! जागृतीचे किती आले हे विचारावंसं फार वाटलं. विचारलं नाही. तिचे चार टक्के असते तर ते मला ऐकवलं नसतं.

मग मला ती साइट सापडली. मजकूर टाका, बटण दाबा, तुमचं लिखाण ‘माणसासारखं’ करून मिळेल. मी सगळा रिपोर्ट त्यात ओतला, आभाराच्या पानासकट. दोन मिनिटांत परत आला. सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढला तर नऊ टक्के.

नऊ! मी पहिली दोन पानं वाचली आणि खूश झाले. काय वाक्यं होती! एक लांबलचक, एक तोकडं, मग पुन्हा लांब. एकही शब्द पुन्हा आलेला नाही. हे इंग्रजी. जागृतीच्या सात जन्मांत असं व्हायचं नाही. पुढची पानं चाळली फक्त. आकडे जागेवर होते, कोष्टकं होती, मग आणखी काय बघायचं? चार वाजेपर्यंत बाइंडिंगला द्यायचं होतं.

झेरॉक्सच्या दुकानात जागृती भेटली. “तुझं झालं पास?” तिने विचारलं.

“नऊ टक्के,” मी म्हणाले.

तिचे डोळे मोठे झाले. “कसं केलंस?”

“परत लिहून काढलं.” साइटचं नाव माझ्या जिभेवर होतं, आणि मी ते गिळलं. सांगितलं असतं तर तिचंही इंग्रजी माझ्यासारखं झालं असतं ना. मी का म्हणून सांगू?

ती काही तरी सांगणार होती. मी पैसे देऊन निघाले.

तोंडी परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी. जोडीला एकत्रच आत बोलवत होते. टेबलामागे देसाई मॅडम, बाजूला हितेश सर. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात साधी शिसपेन्सिल. आमचे दोन्ही रिपोर्ट त्यांच्यापुढे उघडे होते. जागृतीच्या रिपोर्टवर एखाददुसरी खूण होती. माझ्या पानांवर मात्र ठायी ठायी गोल. मला वाटलं, आवडलेल्या वाक्यांना गोल केलेत. खरंच वाटलं!

त्यांनी सुरुवात माझ्यापासून केली. हिंदीत, मध्येच गुजराती.

“हर्षदा, एकतिसाव्या पानावर तू म्हणतेस पंचाहत्तरचा धागा जास्त मजबूत. चौतिसाव्यावर म्हणतेस पन्नासचा जास्त मजबूत. कोणता?”

मी म्हणाले, “दोन्ही, मॅडम. ब्रेकिंग लोड पंचाहत्तरचा, टेनॅसिटी पन्नासची.”

“बरोबर. पण तू तसं लिहिलेलं नाहीस.” त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला. “टेनॅसिटी हा शब्द तुझ्या निष्कर्षाच्या प्रकरणात एकदाही नाही. इथे ‘स्ट्रेंग्थ’ आहे. दोन ओळींनंतर ‘टफनेस’. त्याच्याखाली ‘रेझिलियन्स’. टफनेस म्हणजे काय?”

“धागा तुटेपर्यंत किती ऊर्जा खातो ते.”

“ती मोजलीस?”

“नाही.”

“रेझिलियन्स?”

“ताण काढल्यावर किती ऊर्जा परत देतो ते. तीही नाही मोजली.”

“मग न मोजलेल्या दोन गोष्टी तुझ्या निष्कर्षात कशा आल्या?”

मी पान बघत होते. मी लिहिलेलं एकही वाक्य तिथे नव्हतं. ‘चार लूमवर सहा पाळ्या’ असं होतं तिथे ‘अनेक लूमवर प्रदीर्घ काळ’ झालं होतं. ‘आमच्या मोजणीत बारीक धागा जास्त तुटला’ याचं ‘बारीक धागा नेहमीच जास्त तुटतो’ झालं होतं. नेहमीच! चार लूम बघून जगातल्या सगळ्या लूमांची हमी मी देऊन टाकली होती.

मॅडमनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. “कोष्टकं दोघींची एकच आहेत, ते ठीक, जोडी आहे. पण जागृतीच्या लिहिण्यावरून कळतं की ती लूमपाशी उभी होती. तुझ्या लिहिण्यावरून वाटतं की हे आकडे तुला कोणीतरी दिले.” मग सरळ माझ्याकडे बघत, “रीडिंग तिने घेतली आणि तू उतरवलीस, असं आहे का?”

माझ्या आबांचं खातं. माझ्या आबांचा खडू. चार पाळ्या मी एकटी. आणि रीडिंग जागृतीची! रागाने रडू येतं ना, तसं झालं, आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

“नाही मॅडम,” जागृती बोलली. “रीडिंग तिची आहेत. मी दोनच पाळ्या होते. शेवटचं पान बघा ना, मी लिहिलंय.”

मॅडमनी जागृतीचं आभाराचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. हर्षदा बेडसे हिने चार पाळ्या एकटीने नोंदी घेतल्या. तिचे वडील सुकदेव बेडसे यांनी सहा पाळ्या लूमपाशी उभं राहून खडूने धागे मोजले.

मग त्यांनी माझं आभाराचं पान उघडलं. तेही वाचलं. कुटुंबीयांच्या अमूल्य पाठबळाबद्दल आणि उद्योगातील अनुभवी व्यक्तींच्या मार्गदर्शनाबद्दल मनःपूर्वक कृतज्ञता.

“तुझे वडील कुठे आहेत यात?” मॅडमनी विचारलं.

मी सांगून टाकलं. चौसष्ट टक्के, साइट, नऊ टक्के, सगळं. जागृतीपासून लपवलं तेवढं सोडून.

मॅडमना धक्का वगैरे काही बसला नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “या वर्षी असा हा माझा चौथा रिपोर्ट. ते सॉफ्टवेअर काय बघतं माहितेय? पुढचा शब्द किती अपेक्षित आहे आणि वाक्यं किती सारखी आहेत. साधं, नेमकं लिहिलं की शब्द अपेक्षितच येतात, म्हणून चांगल्या मुलांवरही ते बोट ठेवतं. मग तुमची साइट काय करते? अपेक्षित शब्द काढून अनपेक्षित घालते. तिला धागा माहीत नाही, लूम माहीत नाही. आणि आपल्या कामात, बेटा, अपेक्षित शब्द हाच बरोबर शब्द असतो. टेनॅसिटीला टेनॅसिटीच म्हणायचं, सात वेळा तर सात वेळा. शब्द बदलला की मी समजणार वस्तू बदलली.”

“पण मॅडम, सॉफ्टवेअरने खोटं ठरवलं तर करायचं काय?” मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. माझी चूक होतीच, पण पहिली चूक माझी नव्हती.

उत्तर हितेश सरांनी दिलं. “जागृतीचे अठ्ठावन्न आले होते. ती वही घेऊन माझ्याकडे आली. तारखा, जुने मसुदे, सगळं दाखवलं. मी बघितलं आणि सही केली. तू आली असतीस तर तुझ्या रिपोर्टवरही केली असती. तू तर नऊ टक्के घेऊन आलीस, मला वाटलं सगळं ठीक आहे. मी उघडूनसुद्धा बघितलं नाही, ती माझी चूक.”

अठ्ठावन्न. झेरॉक्सच्या दुकानात ती हेच सांगणार होती.

मॅडमनी मला कोरा कागद दिला. “निष्कर्ष लिही. इथेच. तुझ्या शब्दांत.”

मी सहा ओळी लिहिल्या. फेब्रुवारीतल्याच ओळी, पाठ होत्या. मॅडमनी वाचल्या, पेन्सिल उचलली, एकही गोल न करता ठेवली.

“हे बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “हे रिपोर्टमध्ये असतं तर माझं काम अवघड झालं असतं. पास तू होशील. पण माझ्या लॅबचा कागद बघून गिऱ्हाईक माल घेतं किंवा परत पाठवतं. काय जातंय ते न वाचता सही करणारा माणूस मला तिथे बसवता येणार नाही.” आणि त्यांनी जागृतीकडे बघून विचारलं, “जूनपासून येशील?”

बाहेर व्हरांड्यात मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. जागृती मागे आली. मला तिचं तोंड बघायचं नव्हतं. तिने माझी बाजू घेतली, हे तर मला लॅब गेल्यापेक्षा जास्त झोंबत होतं. हरलेल्या माणसाला निदान शिव्या देता याव्यात, तेवढीही सोय तिने ठेवली नव्हती.

“कशाला बोललीस?” मी म्हणाले. “गप्प बसायचं होतंस. काम तर झालंच होतं तुझं.”

“खरं होतं म्हणून बोलले.” मग ती चिडली, पहिल्यांदाच. “आणि माझं काम कसलं गं? तुझा मसुदा समोर ठेवूनच मी लिहायला शिकले. एका गोष्टीला एकच नाव, आधी आकडा मग अर्थ, सगळं त्यातलंच. वाक्यं माझी केली, पण रीत तुझी. काकांचं नाव पण त्यातच बघितलं, आवडलं, म्हणून मी पण घातलं. सरांनी वर्गात वाचलं तेव्हा मला वाटलं तू शेजारून ओरडशील की ही माझ्याकडून शिकली. तू तर टाळ्या वाजवल्यास.”

दीड महिना ज्या लिहिण्यावर जळले ते माझंच होतं, आणि जळता जळता मी ते स्वतःच्या हाताने पुसलं. हे कळल्यावर मत्सर जावा ना? गेला नाही. उलट आता धरायला काही कारणही उरलं नव्हतं आणि तो तसाच होता.

संध्याकाळी जागृती घरी आली, पेढे घेऊन. आबा पाळीवरून नुकतेच आले होते, हातपाय धुऊन ओट्यावर बसले होते. तिने वाकून नमस्कार केला आणि काळ्या बाइंडिंगचा आपला रिपोर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला.

“काका, तुमचं नाव छापलंय यात.”

“मनं?” आबांनी लुंगीला हात पुसले. “दखाड बरं, कोनता पानवर शे?”

तिने पान काढून दिलं. आबांना इंग्रजी अक्षरं येतात, लूमवरच्या पाट्या वाचून वाचून आलेली. त्यांनी नावाखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर ओठांनी जुळवलं. जुळल्यावर मान वर केली. मी बारावी पास झाले तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

“आणि तुनामा, हर्षदा?” त्यांनी विचारलं. “तुनामा कोनता पानवर शे?”

माझा रिपोर्ट आत फळीवर होता. जागृती पेढ्यांच्या बॉक्सचा दोरा सोडत बसली, माझ्याकडे बघितलं नाही. तिने काही सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती.

“मनामा नही शे, आबा,” मी म्हणाले. “लिखेल व्हतं. मीच काढाई टाकं.”

आबांनी कारण विचारलं नाही. पान तसंच उघडं ठेवून ते जागृतीला म्हणाले, “पोरी, दोन दिन हाई मनापान ऱ्हाऊ दे. खात्यामा दखाडसू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाळीला निघाले तेव्हा मी त्यांचा डबा भरून दिला. डब्याच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेला, जागृतीचा रिपोर्ट होता.